भाकऱ्या किती टाकू? सोलापूरच्या घरी परत राहायला येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षं काढून तिशीच्या आसपास सोलापूरला आईवडिलांकडे परत येणाऱ्यांची पहिली अडचण कपाटात जागा नसण्याची असते. दुसरी जरा उशिरा कळते. आपण घर सोडलं तेव्हा जे वय होतं, घर अजून त्याच वयाशी बोलत असतं. "उठलास का", "कुठं चाललीस", "एवढ्या रात्री कोणाचा फोन". आणि महिन्याभरात आपणही त्याच वयासारखे वागू लागतो: उशिरा उठतो, ताट उचलत नाही, बोललं की दार आपटतो.

यावरचा उपाय म्हणून हल्ली जो तो सांगतो की घरच्यांशी मोकळेपणाने बोला, तुमच्या मर्यादा सांगा. सोलापुरात हे फारसं चालत नाही, असं माझं मत आहे. "आई, मला थोडी स्पेस हवी" या वाक्यानंतर घरात चार दिवस अबोला असतो, आणि पाचव्या दिवशी मावशीचा फोन येतो. मोठी बोलणी न करता घड्याळाच्या वेळा ठरवायच्या आणि घरातलं एखादं काम पूर्णपणे अंगावर घ्यायचं, हा रस्ता जास्त चालतो. आईवडिलांना आपलं मोठं होणं ऐकून पटत नाही, पाहून पटतं.

उदाहरण म्हणून माझ्या मावसभावाचं घेते. वय तेहतीस, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करण्याची परवानगी, काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घर जुळे सोलापुरात, दोन खोल्या आणि हॉल. मी स्वतः त्याच्या दोन वर्षं आधी परत आले होते, त्यामुळे त्याला ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने इथे लिहिते.

येण्याआधी: एक फोन आणि एक तारीख

सामान बांधण्याआधी घरी फोन करून दोन गोष्टी ठरवायच्या. किती दिवसांसाठी येतोय, आणि कोणत्या खोलीत राहणार.

मुदत खोटी असली तरी चालेल, पण हवी. "बघू पुढचं पुढं" असं म्हणून आलात की आईवडील ते कायमचं धरतात आणि तुम्ही तात्पुरतं धरता, आणि पुढचे सगळे गैरसमज या एका फरकातून निघतात. मावसभाऊ पाडव्याला आला आणि म्हणाला, "दसऱ्यापर्यंत आहे, दसऱ्याला बसून बोलू." सहा महिने हा चांगला टप्पा आहे. सणाला बांधलेली तारीख घरात कोणी विसरत नाही.

खोलीचं म्हणाल तर तुमची जुनी खोली आता कोठीची झालेली असते. ज्वारीची पोती, पाहुण्यांच्या गाद्या, लग्नात आलेल्या न उघडलेल्या चादरी, बंद पडलेला टीव्ही. आल्या आल्या हे सगळं बाहेर काढायला घेऊ नका. आईच्या हिशेबी ती पोती तिथेच असायला हवीत, कारण कडबोळी करताना तिला अंधारातही सापडतात. एक भिंत मागा: टेबल, खुर्ची, एक प्लग, आणि दाराची कडी आतून लागते का तेवढं बघा. बाकीचं सामान पुढच्या दोन महिन्यांत हळूहळू सरकतं.

दार

घरून काम करणाऱ्यांचं पहिलं भांडण दारावरून होतं. आपण मीटिंगमध्ये असतो, आई चहा घेऊन आत येते, आपण कॅमेऱ्याबाहेर हात करून तिला थांबवतो. तिला तो हात अपमानाचा वाटतो.

बंद दाराला कारण लागतं, आणि "काम आहे" हे कारण पुरत नाही, कारण खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघणं हे काम आहे हे काकांच्या पिढीला आतून पटलेलं नसतं. त्यांनी सूतगिरणीत नाहीतर दुकानात उभं राहून आयुष्य काढलेलं असतं. म्हणून कारण सांगत बसू नका, वेळ सांगा. मावसभावाने दारावर काही लिहिलं नाही. त्याने आईला एवढंच सांगितलं: "अकराला आणि चारला मी स्वतः बाहेर येऊन चहा घेणार. मधे दार लावलेलं असेल."

यातली मेख "मी बाहेर येणार" यात आहे. मावशी आत यायची ती चहा द्यायला कमी आणि पोराचं तोंड बघायला जास्त. तोंड ठरल्या वेळी ओट्यापाशी दिसायला लागलं तसं दार वाजणं थांबलं. पहिल्या आठवड्यात दोनदा वाजलं, तेव्हा त्याने दार उघडून शांतपणे "चारला येतो गं" म्हटलं आणि चारला खरंच आला. अकराचा चहा तुम्हीच चुकवलात तर मात्र साडेअकराला कप घेऊन ती दारात असेल, आणि तक्रार करायला तोंड राहणार नाही.

पूर्ण दिवस बंद दाराआड काढायचा असेल तर घर ती जागा नाही. महत्त्वाच्या कॉलच्या दिवशी मित्राचं ऑफिस किंवा अभ्यासिका शोधून ठेवा. शहरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठीच्या अभ्यासिका भरपूर झाल्यात, महिन्याच्या फीवर टेबल मिळतं. फक्त तिथे बोलता येत नाही, त्यामुळे कॉल सोडून बाकीच्या कामालाच ती उपयोगी.

येणं-जाणं आणि भाकऱ्या

"कुठं चाललास?" हा प्रश्न चौकशीचा वाटतो. बऱ्याचदा तो हिशेबाचा असतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला आई परातीत पीठ घेते आणि विचारते, "भाकऱ्या किती टाकू?" तुमचा आकडा कळला नाही तर ती दोन जास्त टाकते, मग तुम्ही बाहेर जेवून येता, ती जागी असते, ताट झाकलेलं असतं, आणि सकाळी शिळी भाकरी ती एकटी खाते. रात्री साडेदहाला दारात जो चेहरा दिसतो तो तुमच्या मित्रांवरचा राग नसतो, त्या दोन भाकऱ्यांचा असतो.

उपाय साधा आहे. दुपारी चारच्या चहाला, न विचारता, आकडा सांगून टाकायचा: "रात्री मला दोन" किंवा "रात्री माझ्या टाकू नको, पार्क चौकात जेवणार, अकरापर्यंत येतो." कोणाबरोबर आणि कशासाठी हे सांगायची गरज नाही, आणि गंमत म्हणजे आकडा आणि वेळ आधी कळली की ते विचारलंही जात नाही. वेळ मात्र पाळायची. अकरा म्हणालात आणि साडेबाराला आलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्याच आठवड्यात किल्लीची दुसरी प्रत करून घ्या. वडिलांनी उठून कडी काढायला लागणं हे रात्रीच्या सगळ्या वादांचं मूळ आहे. आतून खिटी लावायची सवय असेल तर "मी आल्यावर खिटी लावतो" हे ठरवून घ्या आणि लावा.

मुलींसाठी इथे एक वेगळी गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. माझ्या भावाला जे चारच्या चहाला सांगून भागतं ते मला भागलं नाही. उशीर होणार असेल तर निघताना एक आणि परतताना गाडीवर बसण्याआधी एक असे दोन मेसेज मी करते. याला मी बंधन म्हणत होते, अजूनही थोडं म्हणतेच. पण मेसेज सुरू झाल्यापासून फोन थांबले, आणि मैत्रिणींमध्ये बसलेलं असताना वडिलांचे चार मिस्ड कॉल बघण्यापेक्षा हे मला परवडतं.

पैसे

"घरात कसले पैसे देतोस?" असं वडील म्हणतील आणि पाकीट परत करतील. तिथे थांबू नका. फुकट राहणारा माणूस घरात मत मांडू शकत नाही, मग ते मत टीव्हीच्या आवाजाबद्दल असलं तरी.

रोख देण्याऐवजी एक आख्खं बिल उचला. सगळ्यात योग्य बिल विजेचं, कारण तुमच्यामुळे वाढणारं तेच असतं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 त्याहून महाग. मावशीकडे महिन्याला साधारण 120 युनिट जायची. दीड टनाचा एसी तासाला सुमारे एक युनिट घेतो. रात्री आठ तास चालला तर महिन्याला 240 युनिट वाढली, म्हणजे घर 360 वर गेलं आणि वरची 60 युनिट तिसऱ्या टप्प्यात पडली. सोलापूरचा एप्रिल-मे 42 अंशांच्या पुढे जातो, एसी लागणारच. पण बिल काकांच्या नावाने येऊन काकांच्या खिशातून गेलं असतं तर रोज रात्री "बंद कर आता" ऐकावं लागलं असतं. भावाने मोबाइलवरून बिल भरायला सुरुवात केली आणि एसीचा रिमोट त्याच्याकडे आला. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आईचं वेगळं असतं. वडील नको म्हणतात तेव्हा आईलाही नकोच असतात असं नाही. बऱ्याच घरांत भाजीवाला, कामवाली, भिशी हे तिच्या हातून जातं आणि त्यासाठी तिला मागावं लागतं. दर महिन्याच्या एकाच तारखेला, ठरलेली रक्कम, तिच्या हातात, वडिलांसमोर चर्चा न करता.

भावाचा हिशेब असा होता. पुण्यात खोलीभाडं आणि मेस मिळून 14 हजार जायचे. इथे वीज, इंटरनेट, गॅस आणि आईच्या हातात दिलेले मिळून सात-साडेसात हजार. उरलेले साडेसहा हजार त्याने बँकेत आवर्ती ठेवीत लावले, दसऱ्यापर्यंत. सहा हप्त्यांचे 39 हजार झाले, म्हणजे पुन्हा बाहेर घर घ्यायचं झालं तर डिपॉझिटला मोठा हातभार. हे पैसे घरच्या खर्चात मिसळू देऊ नका. आपण इथे निवडून राहतोय की अडकून, हे मनाला याच खात्यावरून कळतं.

पाण्याचा दिवस

आता अंगावर घ्यायच्या कामाबद्दल. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीतून शहरात पाणी येतं, पण भागाभागांत काही दिवसांच्या आड सोडतात, आणि वेळ कधी पहाटेची तर कधी रात्रीची. बाहेरून आलेल्या माणसाला हे विसरायला होतं आणि तो पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटं शॉवरखाली उभा राहतो. तिथून बोलणी खायला सुरुवात होते.

पाणी भरणं हे घरातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मानाचं काम आहे. ते पूर्ण घ्या. पूर्ण म्हणजे नुसतं मोटर चालू करणं नाही. आपल्या भागाचा दिवस आणि वेळ लक्षात ठेवणं, शेजाऱ्यांकडून खात्री करणं, हौदाचं झाकण उघडून बघणं, सुरुवातीचं गढूळ पाणी बाहेर सोडणं, पिण्याचं पाणी फडक्याने गाळून पिंपात भरणं, मग मोटर लावून वरची टाकी, टाकी भरून वाहायला लागायच्या आत मोटर बंद. मोटर रिकामी फिरली तर आवाज चढतो आणि बॉडी गरम लागते, लगेच बंद करायची, नाहीतर वायंडिंग जळतं. महिन्या-दोन महिन्यांनी हौद घासणंही यातच आलं.

भावाने हे घेतलं तेव्हा काका आठवडाभर मागे उभे राहून सूचना करत होते. "आधी पिंप भर. अरे आधी पिंप." त्याने वाद घातला नाही, पण कामही परत दिलं नाही. पहाटे साडेचारला पाणी आलं त्या दिवशी तो एकटा उठला, काका सातला उठले तेव्हा पिंप भरलेलं होतं. त्यानंतर सूचना बंद झाल्या. आणि पाणी भरणाऱ्याला रात्री किती वाजता झोपलास हे कोणी विचारत नाही, हा त्यातला वरचा फायदा.

अर्धं काम घेऊ नका. भाजी आणणं, अधूनमधून बँकेत जाणं अशा फुटकळ मदतीची घरात मोजदाद होत नाही, आणि प्रत्येक वेळी सांगणारा वर आणि ऐकणारा खाली राहतो.

मन

पहिले पंधरा दिवस छान जातात. आयतं ताट, शेंगाची चटणी, लहानपणीची गादी. मन खचायला लागतं ते साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्याचं कारण घरच्यांशी पटत नाही हे दरवेळी नसतं. पुण्यात दिवसाला खुंट्या होत्या: गाडी काढणं, ऑफिसचा जिना, कँटीनमधला तोच माणूस, परतताना दूध. त्या सगळ्या एकदम निघाल्या आणि दिवस सपाट झाला. त्यात उन्हाळा असेल तर अकरा ते पाच बाहेर पडता येत नाही, मग दुपारची झोप दोन तासांची होते, रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी नऊला उठल्यावर आई काही बोलली नाही तरी तिच्या पाठीकडे बघून अपराधी वाटतं.

यावर तीन गोष्टी, याच क्रमाने. उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही. कितीही वाजता झोपलात तरी सहाला उठायचं आणि पहिल्या तासात उजेडात जायचं. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकते. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा विजापूर रोडला संभाजी तलावाकडे फेरी मारा, उन्हाळ्यात आठच्या आत घरी. दुपारी झोपायचंच असेल तर तीनच्या आत आणि अर्ध्या तासाचा गजर लावून.

दुसरी गोष्ट वहीची. आठवडाभर, दिवसात काय केलं ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे दोन आकडे, शून्य ते दहा: किती बरं वाटलं, आणि काहीतरी केल्याचं किती वाटलं. भावाच्या वहीतलं एक पान असं होतं. तलावाची फेरी: 5 आणि 6. दुपारी मोबाइल, दीड तास: 3 आणि 0. काकांना फिजिओथेरपीला नेणं: 2 आणि 7. शाळेतल्या मित्राबरोबर नवी पेठेत चहा: 8 आणि 4. संध्याकाळी गादीवर पडून राहणं: 2 आणि 0.

पान वाचून त्याचं त्यालाच दिसलं की थकलो म्हणून तो जे करत होता त्याने थकवा जात नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याने सगळ्यात मोठा आकडा असलेल्या गोष्टीला दोन वार आणि वेळ दिली: मंगळवारी आणि शुक्रवारी सात वाजता मित्र. मूड असो नसो, जायचं. मन लागलं की करू असं म्हणत बसलं तर मन लागत नाही. आधी केलं की मागून थोडं लागतं. नैराश्याच्या उपचारात मानसोपचारतज्ज्ञ हीच पद्धत रीतसर वापरतात, ही काही माझी युक्ती नाही.

तिसरी, महिन्यातून एक दिवस जुन्या गावी. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने दुपारच्या आत पुणं, संध्याकाळच्या हुतात्माने रात्री परत. तिथे तुम्ही कोणाचा मुलगा नसता. एवढ्यासाठी ते भाडं वसूल आहे.

उपाय कुठे पुरे पडत नाहीत तेही सांगते. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय किंवा कशातच रस राहिला नाही, झोप आणि भूक बिघडली, कामात लक्ष लागत नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर असतात. घरातून निघणं अवघड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा.

लोक

गड्ड्याच्या जत्रेत, लग्नात, जिन्यात एकच प्रश्न: "काय गं, कायमचीच आलीस का?" याचं एका ओळीचं उत्तर आईवडिलांबरोबर आधीच ठरवा आणि तिघांनी तेच द्या. "पप्पांचं ऑपरेशन झालं म्हणून आलाय, काम तेच चालू आहे." खरं असावं आणि छोटं असावं. नोकरी गेली असेल तर "सध्या बघतोय, दोन ठिकाणी बोलणं चाललंय" पुरे. आई एक सांगते आणि तुम्ही दुसरं, असं झालं की मधल्या काकू तिसरं तयार करतात.

दसऱ्याला

ठरलेल्या तारखेला खरंच बसा, जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून. विषय तीनच ठेवा: अजून किती दिवस, खर्च कोणी काय उचलायचा, आणि खोलीत काय बदलायचं. मावसभावाने वैशाखापर्यंतची मुदत वाढवून घेतली, ज्वारीची पोती जिन्याखाली हलली, आणि काकांनी स्वतःहून इंटरनेटचं बिल आपल्याकडे मागून घेतलं कारण आता क्रिकेट तेच मोबाइलवर बघतात. जायचं ठरलं असेल तर निघण्याआधी महिनाभर पाण्याचं काम दुसऱ्या कोणाला शिकवायला घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने पहाटे हौदात वाकायचं नाही. वरच्या टाकीला ऑटो कट-ऑफ बसवून घ्या आणि पिंपाला तळाशी नळ.